कॉफीत चिमूटभर मीठ: रविवारची कडू कॉफी आणि तिचा खरा इलाज

नागपुरात प्रतापनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे सोमवार ते शनिवार कॉफी छान होते आणि रविवारी कडू. पाकीट तेच, पितळी फिल्टर तोच, दूधवाला तोच. मावसाजींनी कुठेतरी वाचलं की चिमूटभर मीठ टाकलं की कॉफीचा कडूपणा जातो. तेव्हापासून रविवारची कॉफी कडू तर होतीच, वर खारटही झाली. दोन महिने हे चाललं, मग मावशीने मला फोन केला. "तू येऊन पाहून जा रे एकदा. हे मीठ टाकून राहिले रोज, अन् मले म्हणते पावडर बदल."

मीठ काम करतं का? करतं. पण त्याचं काम फार अरुंद आहे, प्रमाण चिमटीपेक्षा बरंच कमी लागतं, आणि दुधाच्या कॉफीत त्याचा उपयोग काळ्या कॉफीइतका होत नाही. मावशीकडे तर दोष भलतीकडेच होता.

आधी जिभेला विचारा, कडू म्हणजे नेमकं काय

"कॉफी कडू लागते" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. कारल्यासारखं जिभेच्या मागे रेंगाळतं ते कडू. कच्च्या सुपारीसारखं तोंड आत ओढून धरतं, जीभ कोरडी पडते, ते तुरट. वांग्याचं भरीत जरा जास्तच भाजलं गेलं की येतो तसा वास म्हणजे करपट. आणि जुन्या शेंगदाण्याच्या कुटासारखं ते खवट. मिठाचा थेट परिणाम यातल्या फक्त पहिल्यावर होतो.

ओळखायची सोपी युक्ती आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि तोंडात फिरवा. वाईटपणा तसाच राहिला तर तो जिभेवरचा, म्हणजे कडू किंवा तुरट. नाक धरल्यावर कॉफी एकदम सुसह्य झाली आणि सोडताच पुन्हा घाण वाटली तर दोष वासाचा आहे, म्हणजे करपट किंवा खवट. करपट वासावर मीठ टाकणं म्हणजे लागलेल्या भाताला वरून तूप सोडण्यासारखं आहे. खवट पावडर तर टाकूनच द्यावी. नागपूरच्या मे महिन्यात गॅसच्या शेजारच्या फडताळात उघडं पाकीट महिनाभर राहिलं तर वेगळं काही होणार नाही.

मावसाजींनी नाक धरून घोट घेतला. मावशी हसून हसून बेजार झाली, पण निकाल कामाचा निघाला: नाक धरूनही कडू, आणि नंतर जीभ कोरडी. म्हणजे कडू अधिक तुरट. करपट वासही होता, पण थोडा. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

मीठ नेमकं काय करतं

मिठातला सोडियम जिभेवर कडू चवीची जाणीव दाबतो. कडू पदार्थ कपात तेवढाच राहतो, आपल्याला तो कमी जाणवतो. यावरचा एक प्रसिद्ध प्रयोग ब्रेस्लिन आणि बोशां या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडला. त्यांनी युरियाचा कडूपणा, साखरेचा गोडपणा आणि सोडियमचा एक फारसा खारट नसलेला क्षार एकत्र चाखायला दिले. सोडियम घातल्यावर कडूपणा तर कमी वाटलाच, पण गोडपणा वाढल्यासारखा वाटला. कडू आणि गोड एकमेकांना दाबून ठेवतात. कडू मागे हटलं की दबलेलं गोड वर येतं. आपल्याकडे कच्च्या पेरूला किंवा संत्र्याच्या फोडीला मीठ लावून खातात, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

मात्र सगळेच कडू पदार्थ सोडियमपुढे सारखे नमत नाहीत. काहींचा कडूपणा खूप दबतो, काहींचा जेमतेम. शिवाय कॉफीतला कडूपणा म्हणजे नुसतं कॅफिन नव्हे. बिया भाजताना तयार होणारी इतर संयुगं त्यात मोठा वाटा उचलतात आणि भाजणी जितकी गडद तितकी ती वाढतात. म्हणून मीठ घातल्यावर कडूपणा "जातो" हे खरं नाही. तो धारदार होता, तो बोथट होतो.

आता प्रमाण, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. माझ्याकडे मसाले मोजायचा छोटा काटा आहे. मी दहा चिमटी घेऊन एकदम वजन केलं: माझी एक चिमूट सरासरी ०.४ ग्रॅम भरली, मावसाजींची ०.७. मावसाजींचा हात मोठा आणि मनही मोठं. दीडशे मिलिलिटरच्या कपात ०.७ ग्रॅम मीठ म्हणजे वरणाच्या निवळीच्या दिशेने प्रवास झाला. साध्या पाण्यात लिटरला अर्धा-एक ग्रॅम मीठ असलं तरी बऱ्याच लोकांच्या जिभेला ते कळायला लागतं. दीडशे मिलिलिटरच्या कपाला हे साधारण ०.१ ग्रॅम होतं. म्हणजे आपल्याला त्याहूनही खाली राहायचं आहे, आणि एवढं बोटांनी मोजता येत नाही.

म्हणून मिठाचं पाणी करून ठेवा. सपाट एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि बाटलीत भरा. लहान मुलांच्या औषधासोबत येणारा ड्रॉपर घ्या. असे २० थेंब म्हणजे साधारण १ मिलिलिटर, आणि त्यात ०.०५ ग्रॅम मीठ. एका कपाला १० थेंबांपासून सुरुवात करायची, चव घ्यायची, लागलं तर आणखी १० टाकायचे. चाळिसाच्या पुढे जाऊ नये, कारण तिथून खारटपणा डोकं वर काढतो. साधं आयोडिनचं मीठ चालतं. काळं मीठ चुकूनही नको, त्याचा गंधकाचा वास कॉफीला अंडं फुटल्यासारखं करतो. सैंधवाने वेगळं काही साधत नाही. आणि ज्यांना डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय त्यांनी हेही त्या मोजणीत धरावं, जरी २० थेंबांचं मीठ फार थोडं असलं तरी.

(जानेवारी २०२४ मध्ये मिशेल फ्रँकल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी चहात चिमूटभर मीठ टाकायचा सल्ला दिला तेव्हा इंग्रज एवढे खवळले की लंडनमधल्या अमेरिकी दूतावासाला विनोदी निवेदन काढावं लागलं. रसायन तेच, कडूपणा दाबण्याचं. फक्त चहावाल्यांचा अभिमान मोठा.)

दुधात मीठ?

मावशीचा मुख्य आक्षेप हा होता. "दुधात मीठ टाकत असते का कोणी? फाटते ना ते. अन् विरुद्ध अन्न आहे, माय म्हणायची." आयुर्वेदात दूध आणि मीठ एकत्र घेणं विरुद्धाहारात धरतात, त्यामुळे ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी सरळ पुढच्या भागाकडे जावं, त्यांचं काही बिघडत नाही. फाटण्याबद्दल म्हणाल तर २० थेंबांनी ताजं दूध फाटत नाही, आम्ही करून पाहिलं. कॉफीत दूध फाटतं ते बहुतेक वेळा दूधच आंबायला लागलेलं असल्यामुळे.

खरी गंमत वेगळी आहे. दुधात मुळातच सोडियम असतो, १०० मिलिलिटरला साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. आपल्या घरच्या कॉफीत ४० मिलिलिटर डिकॉक्शन आणि ११० मिलिलिटर दूध धरलं तर ५० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम कपात आधीच आहे. माझ्या २० थेंबांतून येणार फक्त २० मिलिग्रॅम. शिवाय दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट-कडू द्रव्यांना धरून ठेवतात आणि स्निग्धता जिभेवर थर देते. म्हणजे दूध हे स्वतःच कडूपणावरचं औषध आहे, मिठाहून मोठं. मिठाची करामत ज्यांना दिसते ते बहुतेक काळी कॉफी पिणारे असतात. आपण भरपूर दुधाची पिणारे. त्यांची युक्ती जशीच्या तशी उचलली की पदरी फक्त खारटपणा पडतो.

रविवारचा पंचनामा

एवढं झाल्यावर मी मावशीला म्हटलं, मीठ बाजूला ठेव, तू रविवारी कॉफी कशी करतेस ते दाखव. आणि सोमवारी कशी करतेस तेही.

सोमवार ते शनिवार घरात दोघंच. सकाळी साडेसहाला फिल्टरच्या वरच्या भांड्यात मोठे तीन चमचे पावडर, माझ्या काट्यावर २० ग्रॅम. चकती हलकी दाबून ठेवायची, वरून उकळीचं पाणी १५० मिलिलिटर, झाकण. वीस मिनिटांत खालच्या भांड्यात ११० मिलिलिटरच्या आसपास दाट डिकॉक्शन. बाकीचं पाणी पावडर पिऊन घेते. दोघांचे दोन कप आणि अकरा वाजता मावशीचा एक अर्धा. सगळं व्यवस्थित.

रविवारी मुलगा, सून आणि नातू येतात, कधी शेजारचे काका टपकतात. कप लागतात सहा. पावडर मात्र तेवढीच, कारण वरचं भांडं तेवढंच. मग काय? पहिलं डिकॉक्शन उतरलं की मावशी त्याच पावडरीवर दुसरं पाणी घालते. दोन्ही एकत्र करते. आणि मंडळी तर्री-पोहे घेऊन नऊ वाजता उगवतात, म्हणून साडेसातला केलेलं ते डिकॉक्शन गॅसवर परत तापवते.

इथे तिन्ही शब्दांचा हिशोब लागतो. पहिलं पाणी पावडरीतून लवकर विरघळणारं घेऊन जातं: आंबटसर, गोडसर, सुवासिक भाग आणि बरंचसं कॅफिन. सावकाश सुटणारी कडू आणि तुरट द्रव्यं मागे राहतात आणि दुसऱ्या पाण्याच्या वाट्याला तीच जास्त येतात. हे दुसरं पाणी फसवं असतं, कारण पावडर आधीच भिजलेली असल्यामुळे घातलेलं जवळजवळ सगळं पाणी खाली उतरतं आणि भांडं छान भरलेलं दिसतं. पण ते पातळ असतं. पातळ म्हणून कॉफीला रंग येत नाही, रंग येत नाही म्हणून मावशी डिकॉक्शन जास्त आणि दूध कमी घालते. म्हणजे कडू जास्त आणि कडूवरचं औषध कमी. वर गॅसवर परत तापवल्यामुळे सुवास उडतो आणि भांड्याच्या तळाशी चिकटलेला थर लागतो, तो थोडा करपट वास.

नुसतं सांगून मावशी ऐकणारी नव्हती. "पावडर काय फुकट येते का? दोनदा पाणी तर आमच्याकडे सगळेच टाकते." म्हणून सहा कप मांडले. तीन कपांत पहिलं डिकॉक्शन, तीन कपांत दुसरं. दोन्हीतला एक कप साधा, एकात २० थेंब, एकात ४०. दूध-साखर नाही, फक्त गरम पाणी घालून सारखा रंग येईल इतपत केलं. कपाच्या बुडाला पेनने खुणा, आणि चाखणार मावसाजी आणि सून. कोणता कप कशाचा हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या पाण्याच्या साध्या कपाला दोघांनीही लगेच "हाच रविवारचा" म्हणून ओळखलं. त्यातच २० थेंब होते तो कप दोघांनाही कमी कडू वाटला, म्हणजे मिठाचं काम दिसलं. पण सून म्हणाली, "कडू नाही लागत तेवढी, पण जीभ तशीच कोरडी पडते. अन् कॉफी प्यायल्यासारखं वाटतच नाही." तुरटपणा राहिला, पोकळपणा राहिला. ४० थेंबांच्या दोन्ही कपांना मावसाजींनी "हे खारट आहे" म्हणून बाजूला सारलं. गंमत म्हणजे त्यांच्या नेहमीच्या चिमटीत याच्या सातपट मीठ असायचं. पहिल्या डिकॉक्शनचा २० थेंबांचा कप मावसाजींना सगळ्यात आवडला, सुनेला साधा. मग त्याच पहिल्या डिकॉक्शनची दूध-साखर घालून नेहमीसारखी कॉफी केली, एक कप मीठ घालून आणि एक न घालता. दोघांनाही फरक सांगता आला नाही.

मग रविवारी करायचं काय

दुसरं पाणी बंद. सहा कपांना ४० ग्रॅम पावडर आणि ३०० मिलिलिटर पाणी, प्रमाण तेच. मावशीच्या फिल्टरमध्ये ते बसत नाही, त्यामुळे शनिवारी रात्री एक घाणा आणि रविवारी सकाळी दुसरा. रात्रीचं डिकॉक्शन झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळपर्यंत त्याला काही होत नाही. गॅसवर डिकॉक्शन पुन्हा चढवायचं नाही. कपात गार डिकॉक्शन घालून वरून उकळतं दूध ओतलं की कॉफी आपोआप गरम होते. अगदीच वाटलं तर डिकॉक्शनचं भांडं दोन मिनिटं गरम पाण्यात उभं करा. महिन्याला चार रविवारची जादा २० ग्रॅम पावडर म्हणजे ८० ग्रॅम झाली. मावशीने हिशोब करून तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या पाण्याची कॉफी अर्धी सिंकमध्येच जात होती हेही तिनेच सांगितलं.

चकती फार दाबू नये, हेही तिथेच दिसलं. सुनेच्या हाताने घट्ट दाबली गेली की पाणी पाऊण तास वर तुंबून राहतं आणि तेवढा वेळ पावडर भिजत बसते. वीस-पंचवीस मिनिटांत उतरलं नाही तर पावडर फार बारीक आहे किंवा दाब जास्त आहे. उलट पाच-सात मिनिटांत धबधब्यासारखं उतरलं तर चकती ठेवायला विसरलात. तेव्हा कॉफी कडू नाही, पांचट होईल.

एवढं करूनही कडू लागली तर पाकीट उलटून बघा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात दोघांचं प्रमाण छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे आणि कायद्याने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी दाटपणा आणि काळा रंग देते, कॅफिन तिच्यात नसतं, पण भाजलेल्या मुळाचा स्वतःचा कडूपणा असतो आणि तो पाणी-वेळ बदलून फारसा हटत नाही. मावशीचं पाकीट ६०-४० चं निघालं. ८०-२० आणून पाहिलं तेव्हा मावसाजी खूश, पण मावशीला "रंगच नाही आला". सध्या दोन पाकिटं अर्धी-अर्धी मिसळून तह झाला आहे. बियाही बघा. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं आणि ती जात मुळातच जास्त कडू.

पाण्याचं एक. मावशी प्यायला आरओचं पाणी घेते आणि कॉफीला बोअरचं, कारण "उकळायचंच आहे ना". उकळल्याने जंतू मरतात, जडपणा पुरता जात नाही. केटलीत पांढरा थर धरत असेल तर ते पाणी कॉफीतला आंबटसरपणा मारून टाकतं आणि मागे सपाट, खडूसारखी चव उरते. त्यावर कडूपणा जास्त उठून दिसतो. एक दिवस नळाचं पाणी वापरून तुलना करा, पाच मिनिटांचं काम आहे.

इन्स्टंटवाल्यांसाठी थोडक्यात: तुमचा अर्क कारखान्यातच काढून झाला आहे, त्यामुळे वेळ, दाब, दुसरं पाणी हे प्रश्न तुम्हाला नाहीत. उकळत्या पाण्याने पावडर "जळते" असं म्हणतात, ते खरं नाही. बिया २०० अंशांच्या आसपास भाजल्या गेल्या आहेत, १०० अंशांचं पाणी त्यांना काय जाळणार. इन्स्टंट कडू लागली तर पावडर पाव चमचा कमी करा. काळीच पीत असाल तर मिठाचे १० ते २० थेंब तुमच्या खरंच कामाचे आहेत, कारण तुमच्या हातात दुसरं फारसं काही नाही. मला स्वतःला ऑफिसमधल्या यंत्राच्या काळ्या कॉफीला हाच एक इलाज सापडला आहे. खिशात ड्रॉपरची बाटली बघून लोक डोळ्यांचं औषध समजतात.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. दोन घाण्यांची कॉफी, सहा कप, कोणी तोंड वाकडं केलं नाही. मिठाच्या पाण्याची बाटली मावसाजींनी जपून ठेवली आहे, सकाळच्या त्यांच्या काळ्या अर्ध्या कपात ते मोजून पंधरा थेंब टाकतात. मावशीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे: "यांचं. दुधात टाकू नये."